दिव्याला आडोसा

मी उभा जन्म शाळेत जीवशास्त्र शिकवलं. समोरच्याला एखादी गोष्ट पटकन समजली नाही की माझा आवाज आपोआप चढतो. बायको म्हणते, तुम्ही रिटायर झालात, पण तुमचा आवाज अजून नोकरीत आहे. असेल. पण जी गोष्ट मी दरवर्षी दहावीच्या पोरांना चाळीस मिनिटांच्या तासात समजावून सांगायचो, ती अख्ख्या कॉलनीला आणि नगर परिषदेला दोन वर्षांत समजावता आली नाही, म्हटल्यावर माणसानं करायचं काय?

आमची कॉलनी म्हणजे आमचंच जुनं शेत. पिंपळगाव राजाच्या रस्त्याला गाव संपतं तिथं. वडील गेल्यावर अर्धं शेत लेआउटला गेलं. त्यातच मी एक प्लॉट ठेवून घर बांधलं. उरलेलं अर्धं धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, पलीकडं राहिलं. सातबाऱ्यावर आम्हा दोघा भावांची नावं आहेत, पण कसतो दादाच. दादा माझ्यापेक्षा पुष्कळ मोठा. शिक्षण जेमतेम चौथी. माझं सगळं शिक्षण त्याच्या जिवावर झालं, आणि त्यानं ते कधी बोलून दाखवलं नाही. राहतो जुन्या गावात, पण रोज सकाळ-संध्याकाळ शेतात. माझ्या गच्चीवरून त्याची पांढरी टोपी पिकातून फिरताना दिसते. तेवढं दिसलं की मला बरं वाटतं.

पूर्वी कॉलनीच्या रस्त्यावर पिवळे मिणमिणते दिवे होते. त्यातले निम्मे बंद. मग एका उन्हाळ्यात नगर परिषदेनं नवे एलईडी लावले. पांढरेफटक. पहिल्या संध्याकाळी सगळी कॉलनी रस्त्यावर उभं राहून वर बघत होती, मीसुद्धा. रस्त्यावर सांडलेली मोहरी वेचावी इतका उजेड. काम मात्र ठेकेदाराच्या पोरांनी घाईत केलेलं. दिवे खांबावर बसवले ते तोंड वर करून. त्यामुळं रस्त्याला मिळाला तेवढाच उजेड आमच्या गच्च्यांना, खिडक्यांना आणि धुऱ्यापलीकडं दादाच्या शेताला मिळाला.

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी दादाचं सोयाबीन सोंगायला, म्हणजे कापणीला आलं. सगळं शेत पिवळं पडलं, पानं गळली, शेंगा वाजायला लागल्या. फक्त धुऱ्याकडची पट्टी हिरवीगार. कमरेएवढी वाढलेली, पानं अशी टवटवीत की जणू श्रावण चालू आहे. शेंगा बघाव्या तर चार-दोन, त्याही चपट्या.

दादा कृषी केंद्रवाल्यावर चिडला होता. "बियाणं खोटं देल्लं साल्यानं. एकाच थैलीत दोन जातींचं."

मी धुऱ्यावर उभा राहून वर पाहिलं. पट्टीच्या बरोबर डोक्यावर खांब होता.

"दादा, बियाणं नाही. दिवा."

"दिवा काय करतो बे सोयाबीनले?"

झालं, माझा तास सुरू झाला. सोयाबीन रात्र मोजतं, म्हटलं. पावसाळा सरत आला की रात्री मोठ्या होत जातात. रात्र पुरेशी मोठी झाली की झाडाला कळतं, आता फुलावर यायचं, शेंगा भरायच्या, वाळायचं. रात्रभर वर दिवा जळत असेल तर त्याच्या लेखी रात्र मोठी होतच नाही. मग ते नुसतं वाढत बसतं. दादानं सगळं ऐकून घेतलं. मग हसला. म्हणाला, "तू मास्तर लोकायले काहीही सांगशीन." आणि पट्टी सोडून बाकीचं सोंगून घेतलं.

दुसऱ्या वर्षी त्यानं दुकान बदललं, जात बदलली, थैली माझ्यासमोर फोडली. आणि पट्टी पुन्हा हिरवी राहिली. तीच, तेवढीच. मळणीयंत्रात तो हिरवा पाला गुंडाळून बसला, यंत्रवाला वैतागला आणि ओले दाणे कोरड्यात मिसळून सगळा मालच दमट झाला. त्या दिवशी संध्याकाळी दादा माझ्याकडं आला. कधी नव्हे ते ओसरीत खुर्चीवर बसला. एरवी तो पायरीवर बसतो.

"तुयं खरं निघालं," म्हणाला. "आता मले सांग, त्या दिव्याचं काय करता येते?"

"दिवा बंद करायची गरज नाही दादा. त्याला आडोसा लावला आणि तोंड खाली केलं की झालं. उजेड रस्त्यावर पडेल, शेतात येणार नाही."

"मंग लिही ना पत्र. तुमी शिकलेले लोक. मी जाऊन सांगन तर मले कोन विचारते?"

खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. दादानं मला आयुष्यात प्रथमच काही मागितलं होतं.

आमच्या कॉलनीत रहिवासी संघ आहे आणि त्याचा सचिव मीच. अध्यक्ष तहसीलमधून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. स्वभावानं चांगले, पण सरकारी कागदाला नमस्कार करून मगच उघडणारे. त्यांच्या पोर्चमध्ये बैठक बोलावली. एकट्या दादाच्या शेतासाठी कॉलनी सही करणार नाही हे मला माहीत होतं. त्याची गरजही नव्हती, कारण दिव्यांनी सगळेच कावले होते. आमच्याकडं उन्हाळ्यात माणसं गच्चीवर झोपतात. घरात भट्टी असते, कूलर ओली हवा फेकतो आणि लाइट गेली की तोही नाही. नवे दिवे आल्यापासून गच्चीवर तोंडावर दुपट्टा घेतल्याशिवाय डोळा लागत नव्हता. पावसाळ्यात तर किड्यांचे ढीग. संध्याकाळी दार उघडं राहिलं की भाजीत किडे.

एकच बाई आडवी आली. ती एसटीत कंडक्टर आहे, ड्यूटी संपवून डेपोतून एकटी चालत येते.

"सर, तुमच्या झोपेसाठी माझा रस्ता अंधारात घालू नका. अंधार होता तेव्हा मी कशी यायची ते माझं मला माहीत आहे."

मी चिडलो नाही, कारण तिचं बरोबर होतं. मी कागदावर खांब काढून दाखवला. दिव्याच्या वर आणि मागं पत्र्याचा आडोसा. आता हवेत आणि खिडक्यांत वाया जाणारा उजेड खाली येईल. तोंडावर चमक येणार नाही, त्यामुळं उलट समोरचा माणूस नीट दिसेल. तिनं चित्र निरखून पाहिलं.

"मग लिहा की, दिवे बंद करू नयेत. आधी ते लिहा."

लिहिलं. पत्र मी स्वतः बसून लिहिलं, आणि चांगलं लिहिलं. मा. मुख्याधिकारी साहेबांना. दिवे बंद करू नयेत. त्यांचं तोंड खाली करावं. वर आणि मागच्या बाजूस आडोसा बसवावा. शेताकडच्या खांबांना प्राधान्य द्यावं. पुढच्या खरेदीत पांढऱ्याऐवजी पिवळसर दिवे घ्यावेत. झोप, किडे आणि पीक, तिन्ही कारणं दिली. घरटी एक सही घेतली. पहिली सही कंडक्टरबाईंनी केली.

आवक-जावकच्या टेबलावर दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घेतला. शिक्का मारणारा म्हणाला, "दिवा बंद आहे का?" म्हटलं, चालू आहे. "मग तक्रार काय?" म्हटलं, जास्त चालू आहे. त्यानं माझ्याकडं असं पाहिलं की मी माजी शिक्षक असल्याचं सांगायची माझी छाती झाली नाही. तक्रारी दोनच असतात म्हणाला. दिवा बंद आहे, किंवा दिवा नाही.

महिनाभरात विद्युत विभागाचा कनिष्ठ अभियंता पाहणीला आला, हे कबूल केलं पाहिजे. तरुण, समजदार. खांबाखाली उभा राहिला, शेताकडं गेला, पट्टीत उरलेली धाटं पाहिली. दादानं त्याला चहा पाजला. तो म्हणाला, "सर, तुमची मागणी बरोबर आहे. ठेकेदारानं अँगलच चुकवला आहे."

"मग करा ना खाली."

"बरोबर असून उपयोग नाही ना, सर." आणि मग त्यानं एकेक अडचण समोर ठेवली. खांब वीज कंपनीचे, दिवे नगर परिषदेचे. खांबावर चढायचं तर लाइन बंद करून घ्यावी लागते, त्यासाठी कंपनीला वेगळं पत्र. शिडीची गाडी एकच, तीही दुरुस्तीला. आडोशाचं म्हणाल तर दरसूचीत अशी वस्तूच नाही. जी वस्तू दरसूचीत नाही तिचं अंदाजपत्रक करता येत नाही. स्वतःच्या मनानं पत्रा ठोकला तर दिव्याची गॅरंटी जाते आणि ठेकेदार हात वर करतो. नगर परिषदेवर प्रशासक बसलेला, नगरसेवक कुणी नाही, ठराव घेणार कोण?

"पण एक सांगतो," जाताना तो हळूच म्हणाला. "वरून कुणाचा फोन आला तर एका दिवसात होते. गाडीही निघते आणि लाइनही बंद होते."

आता 'वरून' म्हणजे आमच्या वार्डाचे माजी नगरसेवक. निवडणूक लागणार लागणार म्हणून त्यांनी पुन्हा पांढरे कपडे शिवले होते. हे एलईडी त्यांनीच आणले असा त्यांचा दावा होता, आणि चौकात तसा फलकही होता. मी अध्यक्षांना म्हटलं, चला, जाऊन भेटू, चित्र दाखवू, फोन करा म्हणू. पाच मिनिटांचं काम.

अध्यक्ष माझ्याकडं पाहत राहिले. "असं कसं जाता सर रिकाम्या हातानं? त्यांनी दिवे आणले, आपण एका शब्दानं आभार मानले नाहीत, आणि एकदम तक्रार घेऊन जायचं? अशानं माणूस दुखावते. आधी सत्कार करू. शाल-श्रीफळ देऊ. आणि त्याच वेळेस पत्र हातात देऊ. तोंड गोड झालं की काम होते."

मला ते पटलं नाही. मी म्हटलं, ज्या दिव्यांची तक्रार करायची त्याच दिव्यांसाठी हार घालायचा, हे कोणत्या शास्त्रात बसतं? पण बैठकीत सगळे अध्यक्षांच्या बाजूनं. आमच्याकडं रीतच आहे ती. इथं बदली झालेल्या तलाठ्याचाही सत्कार होतो आणि बदलीवर आलेल्याचाही. सत्कार केल्याशिवाय काही मागणं म्हणजे भांडण काढणं. कंडक्टरबाई तेवढ्या म्हणाल्या, "मला नाही वाटत सर, ते चित्र वगैरे बघतील." त्यांना कुणी विचारात घेतलं नाही.

सत्कार झाला. कॉलनीच्या मोकळ्या जागेत, म्हणजे अगदी दादाच्या धुऱ्याला लागून, मंडप घातला. साउंड सिस्टीम आणली. पोरांनी रांगोळी काढली. दादाही आला होता, धुतलेलं धोतर नेसून. मागच्या खुर्चीवर बसला होता. त्याला मी सांगितलं होतं की आज आपलं काम होणार.

अध्यक्षांचं भाषण सुरू झालं. साहेबांनी आमच्या कॉलनीचा अंधार घालवला. पूर्वी इथं विंचवाची भीती होती, चोराची भीती होती. आज आमच्या माय-बहिणी बिनधास्त फिरतात. साहेब म्हणजे आमच्यासाठी प्रकाश. टाळ्या. शाल. श्रीफळ. फोटो. मग मी पत्र घेऊन पुढं गेलो. पारदर्शक फोल्डरमध्ये घातलं होतं, वरच चित्र दिसेल असं. साहेबांनी फोल्डरचं एक टोक धरलं, दुसरं मी. फोटोवाल्यानं इकडं बघा म्हटलं. फोटो झाल्यावर त्यांनी फोल्डर न पाहता मागच्या माणसाकडं दिलं. मी म्हटलं, साहेब, यात फक्त आडोशाचं... पण तोवर त्यांनी माइक घेतला होता.

"तुमच्या प्रेमानं मी भारावून गेलो आहे," ते म्हणाले. "एवढ्याशा दिव्यांसाठी एवढा मान? आपल्या सचिव सरांनी आत्ता निवेदनही दिलं. ते वाचायचीही गरज नाही, मले माहीत आहे लोकायले काय पाहिजे. मी इथं शब्द देतो. या मोकळ्या जागेत, याच ठिकाणी, हायमास्ट उभा करून देतो. निधी मी आणतो."

अशा टाळ्या मी आमच्या शाळेच्या निकालालाही ऐकल्या नाहीत. अध्यक्ष उभे राहून वाजवत होते. गच्चीवर दुपट्टा घेऊन झोपणारे वाजवत होते. मी माइकपासून दोन हातांवर होतो, आणि माझा तो सुप्रसिद्ध आवाज फुटला नाही. सत्काराच्या मंडपात पाहुण्याला नाही कसं म्हणणार? शाल त्याच्या खांद्यावर, नारळ त्याच्या हातात. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

मी मागं पाहिलं. दादाही टाळ्या वाजवत होता. कार्यक्रम संपल्यावर तो माझ्याजवळ आला, चेहरा फुललेला.

"झालं ना मंग काम? हायमास्ट म्हंजे तोच ना, तुया आडोसा?"

मी म्हटलं, "नाही दादा. तो मोठा दिवा असतो. उंच खांब, आणि वर चारी बाजूंनी दिवे."

त्यानं आपल्या हातांकडं पाहिलं. मग म्हणाला, "मंग मी काऊन टाळ्या वाजवल्या?" आणि धोतराचा सोगा सावरत धुरा ओलांडून शेतात गेला. मला तेव्हा रडू आलं असतं तर बरं झालं असतं. आला तो संताप, आणि तो अध्यक्षांवर काढला. त्या माणसाचं तोंड एवढंसं झालं. "मी चांगल्यासाठीच केलं सर," म्हणाले. होतंच चांगल्यासाठी. त्यात काही खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात फोटो आला. मी आणि साहेब, मध्ये फोल्डर. खाली मजकूर, की वाढीव प्रकाशासाठी रहिवाशांचं साकडं.

मी दुसरं पत्र लिहिलं. हायमास्ट नको, निदान धुऱ्याजवळ नको, निदान शेताकडचे दिवे वगळा. ते घेऊन दारोदार फिरलो. ज्यांनी पहिल्या पत्रावर सही केली त्यांनीच हात आखडला. एक म्हणाला, सर, प्लॉटाची किंमत वाढून राह्यली, तुम्ही कुठं खोडा घालता? दुसरा म्हणाला, पोरायले रात्री क्रिकेट खेळता येईन. तिसऱ्याला आपला पुतण्या नगर परिषदेत चिकटवायचा होता. त्यानं चहा दिला, सही दिली नाही. कंडक्टरबाईंनी तेवढी केली. "माझ्या रस्त्याला आहे तेवढा उजेड पुरतो," म्हणाल्या. "मोकळ्या जागेत मी काय करू उजेडाचं?" दोन सह्यांचं पत्र घेऊन मी अभियंत्याकडं गेलो. त्यानं फाइल उघडून दाखवली. सत्काराचा फोटो, पेपरचं कात्रण, आणि वर शेरा, नागरिकांच्या मागणीनुसार.

"सर, आता मी काय करू?" तो म्हणाला. "आडोशाला निधी नव्हता. याला आहे."

त्याच्यावर ओरडण्यात अर्थ नव्हता. तरी ओरडलो. त्यानं ऐकून घेतलं, पाणी मागवलं.

उन्हाळ्यात पाया खणला. सांगाडा आला, खांब आला, क्रेन आली. जी शिडीची गाडी दुरुस्तीला होती तीही त्या दिवशी आली. मोठा समारंभ झाला. बटण दाबल्यावर लोकांनी ओहो केलं. माझ्या गच्चीवर माझी सावली पडली, काळीभोर, कडा कापल्यासारखी. आगीतून फुफाट्यात, दुसरं काय. बायकोनं त्याच आठवड्यात गच्चीवरच्या गाद्या खाली आणल्या आणि खिडक्यांना जाड पडदे शिवले. आम्ही पडदे लावू शकत होतो. शेताला पडदा कुठून लावायचा?

मी दादाला म्हटलं, यंदा सोयाबीन नको, तुरीचंही तेच होईल, कपाशी लाव, तिला उजेडाचं एवढं काही नसतं. तो म्हणाला, "कपाशी येचाले मानसं कुठून आनू? भेटत नाहीत. माह्यानं आता वाकनं होत नाही." सोयाबीन एका दिवसात मशीननं निघतं. त्या वयाच्या माणसाला परवडणारं तेच पीक होतं. आणि मला वाटतं, त्याला अजून थोडी आशा होती. एवढ्या मोठ्या शेताला एक दिवा काय करणार, असं काहीतरी.

पाऊस चांगला झाला. सोयाबीन असं वाढलं की रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे. श्रावणात, भादव्यात, हिरवंगार. आजूबाजूची शेतं पिवळी पडू लागली. आमचं हिरवंच. सर्वपित्री झाली, घट बसले, अर्ध्याहून जास्त शेत अजून तसंच, वाढतंय, नवी पानं फुटतायत. पलीकडच्या टोकाला, जिथं उजेड पोचत नव्हता, तेवढी एक चिंधी वाळली होती.

एका संध्याकाळी मी खाली शेतात गेलो. हायमास्ट नुकताच पेटला होता. दादा मध्ये उभा होता, कमरेपर्यंत पिकात बुडालेला. एक झाड वाकवून पानं उलटीपालटी करत होता. मला बघून म्हणाला,

"रोग नाही, कीड नाही. काहीच वाईट नाही याच्यात. बिचारं नुसतं रात्रीची वाट पाहून राह्यलं."

मी त्याच्याशेजारी उभा राहिलो. त्यानं मला दोष दिला नाही. एका शब्दानंही नाही. दिला असता तर मी भांडलो असतो, आणि भांडणात मला जरा सुटल्यासारखं वाटलं असतं.

ते पीक त्यानं गुरांना घातलं. जे वाळलं तेवढं सोंगलं. दिवाळीनंतर एक दिवस घरी आला आणि पायरीवर बसून म्हणाला, शेत देऊन टाकू. मी म्हटलं, दादा, घाई नको, मी कलेक्टरकडं लिहितो. तो म्हणाला, "आता नको लिहू." रागानं नाही. खरंच सांगत होता, की नको.

आमच्या दोघांची नावं सातबाऱ्यावर, त्यामुळं सौद्याला दोघांनाही जावं लागलं. लेआउट पाडणारा बिल्डर आणि त्याचा दलाल शेत बघायला आले ते दिवेलागणीला. दिवसभर कामात होते म्हणाले. आम्ही चौघं धुऱ्यावर उभे. नांगरटीच्या ढेकळांची सावली पडली होती, एकेक ढेकूळ वेगळं दिसत होतं. दलालानं रस्ता विचारला, पाण्याची लाइन विचारली, नाली विचारली. मी उत्तरं देत होतो. मग त्यानं वर बघितलं आणि खूश होऊन विचारलं, "आणि लाइट? रात्री कसं काय राहते?"

मीही वर बघितलं. उत्तर दादानं दिलं.

"इथं रात्र होतच नाही," तो म्हणाला.

दलाल मोठ्यानं हसला. खिशातून मोबाइल काढून त्यानं तिथंच कुणाला तरी फोन लावला आणि आमच्याकडं पाठ करून सांगू लागला, जागा एक नंबर आहे, मालक स्वतः सांगून राह्यले, इथं रात्र होतच नाही म्हणे.